निबंधाच्या वाक्यात कोट कसा बसवायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाली सगळीकडे एकच उतारा उदाहरण म्हणून वापरलाय. तो कुठल्या पुस्तकातला नाही, इथल्या कामापुरता बनवलाय, एखाद्या आठवणींच्या लेखातला आहे असं धरून चाला.

> मी रोज दाराकडे बघायचो. पोस्टमन आला नाही की स्वतःवरच चिडायचो. पत्र म्हणजे माणसाचा खरा चेहरा, असं मला तेव्हा वाटायचं. आता तसं वाटत नाही. पत्रातही माणूस नटूनथटून बसतो. मग खरं कुठे बोलतो तो?

माझं वाक्य संपवलं, फुलस्टॉप दिला आणि पुढे कोट टाकला. यात चुकलं काय?

बहुतेक वेळा असं दिसतं:

लेखकाला पत्रांबद्दल शंका वाटते. “पत्रातही माणूस नटूनथटून बसतो.” यावरून त्याचा स्वभाव कळतो.

व्याकरण म्हणून एकेक वाक्य बरोबर आहे, पण मधला कोट अधांतरी लटकतोय. तो कोण बोलतंय, आधीच्या वाक्याशी त्याचा काय संबंध, हे वाचणाऱ्याने स्वतःच जुळवून घ्यायचं. आणि “यावरून” म्हणजे नेमकं कशावरून तेही कळत नाही. कोट तुमच्या वाक्यात बसवणं म्हणजे त्याला तुमच्या वाक्यातलं एक काम देणं, म्हणजे तो कर्म होईल, नाहीतर विशेषण होईल, नाहीतर “हा टोमणा”, “ही शंका” अशा एखाद्या नामाला चिकटेल. काम मिळालं की तो आपोआप उभा राहतो:

“पत्रातही माणूस नटूनथटून बसतो” असं म्हणताना लेखक स्वतःच्या जुन्या पत्रांवरही संशय घेतो.

तपासायची एक सोपी युक्ती आहे. अवतरणचिन्हं नाहीतच असं समजून अख्खं वाक्य मोठ्याने वाचा. वाचताना अडखळलात तर कोट बसलेला नाही, चिन्हं कितीही नीट दिलेली असोत.

“की”, “असं” आणि कॉमा, यातलं कधी काय वापरायचं?

मराठीत कोट बांधायच्या दोन मुख्य गाठी आहेत. एक गाठ कोटच्या आधी येते आणि एक नंतर. आधी बांधायची तर कॉमा किंवा “की”, नंतर बांधायची तर “असं” किंवा लिखित भाषेत “असे”.

लेखक म्हणतात, “पत्रातही माणूस नटूनथटून बसतो.”
“पत्रातही माणूस नटूनथटून बसतो” असं लेखक म्हणतात.

दोन्ही ठीक. गडबड होते ती दोन्ही गाठी एकाच कोटला बांधल्यावर: लेखक म्हणतात की “पत्रातही माणूस नटूनथटून बसतो” असं ते म्हणतात. बोलताना आपण सर्रास असं बोलतो, कारण वाक्य लांबलं की सुरुवातीला “की” म्हटलं होतं हेच विसरायला होतं, पण कागदावर ते डोळ्यात खुपतं. एकच ठेवा. माझ्या मते कोट लहान असेल तर “असं” बरं, कारण क्रियापद शेवटी येतं आणि वाक्य मराठी वळणाने संपतं. कोट दोन ओळींचा असेल तर मात्र “असं” इतकं लांब जातं की कोण बोलतंय हे वाचकाला शेवटी कळतं, तिथे आधी “लेखक म्हणतात,” करून मोकळं व्हावं.

“की”नंतर कॉमा द्यायचा का हाही कायमचा प्रश्न. छापील मजकुरात “की,” असं दिसतं आणि नुसतं “की” पण दिसतं. जे घ्याल ते पूर्ण निबंधभर तेच ठेवा. माझा सल्ला विचाराल तर अवतरणचिन्हं द्यायची असतील तेव्हा “की” टाळा, कॉमा पुरे. “की” तुमच्या शब्दांत सांगताना वापरा.

लेखकाने “मी” म्हटलंय. माझ्या निबंधात तो “मी” तसाच ठेवला तर तो मीच वाटत नाही का?

हा प्रश्न मराठीत फार खरा आहे. “तो म्हणाला की मी येतो” यात “मी” म्हणजे तोच, हे बोलताना कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. पण निबंधात लिहिणारे तुम्ही आहात, म्हणून “लेखक म्हणतात की मी रोज दाराकडे बघायचो” वाचताना क्षणभर घोटाळा होऊ शकतो. तो घोटाळा अवतरणचिन्हं मिटवतात. चिन्हांच्या आतला “मी” लेखकाचा, बाहेरचा तुमचा. म्हणून “मी” घ्यायचा असेल तर चिन्हं द्याच:

“मी रोज दाराकडे बघायचो” अशी कबुली लेखक देतात.

काही जण इंग्रजी निबंधात शिकलेली युक्ती इथे आणतात, म्हणजे “मी” काढून चौकटी कंसात दुसरा शब्द टाकायचा. इंग्रजीत ती बऱ्यापैकी खपते. मराठीत ती जागच्या जागी फसते, कारण आपलं क्रियापद कर्त्याचं पुरुष, लिंग, वचन सगळं अंगावर बाळगून असतं. बघा:

“[लेखक] रोज दाराकडे बघायचो”

आता “लेखक बघायचो” झालं. दुरुस्त करायला “बघाय[चे]” लिहावं लागेल, आणि पुढे “चिडायचो” आहे, तिथे अजून एक कंस. दोन ओळींत कोटची चाळण होते. म्हणून नियम असा धरा: “मी” बदलायची वेळ आली की कोट सोडा आणि तेवढा भाग स्वतःच्या शब्दांत लिहा. लेखक तेव्हा रोज दाराकडे बघायचे. झालं, चिन्हंच नकोत. आणि ज्या शब्दांत खरी गंमत आहे तेवढेच मूळचे घ्या: पोस्टमन आला नाही की ते “स्वतःवरच” चिडायचे.

चौकटी कंस अगदीच निरुपयोगी आहे असं नाही. “तो” म्हणजे कोण हे कोटच्या बाहेर काढल्यावर कळत नसेल तर “मग खरं कुठे बोलतो तो [माणूस]?” असा एक शब्द जोडायला हरकत नाही, कारण तिथे क्रियापदाला धक्का लागत नाही. फक्त गोल कंस नको. गोल कंस मूळ लेखकाचा असू शकतो, चौकटी कंस तुमचाच असतो.

मला अख्खं वाक्य नकोय, दोनतीन शब्दच हवेत. ते मधे कसे बसवू?

हीच खरी चांगली सवय, पूर्ण वाक्यं उचलण्यापेक्षा. फक्त तुकडा कापताना क्रियापदाकडे लक्ष ठेवा. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं, म्हणून मूळ वाक्याचं क्रियापद तुकड्याबरोबर आलं की तुमच्या वाक्यात मधेच एक शेवट येऊन बसतो:

लेखक “रोज दाराकडे बघायचो” होते आणि उत्तराची वाट पाहत होते.

इथे “बघायचो” आणि “होते” दोघं एकमेकांच्या उरावर बसलेत. दोन उपाय. एक, क्रियापद बाहेर सोडून कापायचं: लेखक “रोज दाराकडे” बघत आणि उत्तराची वाट पाहत. दुसरा, क्रियापद ठेवायचंच असेल तर लगेच मागे “असं” किंवा “हे वाक्य” जोडायचं, म्हणजे कोट तिथे बंद होतो आणि तुमचं वाक्य पुढे चालू राहतं.

“नटूनथटून” सारखे शब्द सगळ्यात सोपे. ते क्रियाविशेषणासारखे आहेत, त्यांना लिंग नाही वचन नाही, कुठेही बसतात: पत्रातला माणूसही लेखकांना “नटूनथटून” बसलेला दिसतो. विशेषणं जरा अवघड. मुळात “खरा चेहरा” आहे आणि तुम्हाला “ओळख” हा शब्द वापरायचाय तर “खरा” ओळख होत नाही, आणि चिन्हांत “खरी” लिहिता येत नाही, कारण लेखकाने “खरी” लिहिलेलंच नाही. अशा वेळी नाम पण सोबत उचला, “खरा चेहरा” दोन्ही, किंवा दोन्ही सोडून द्या.

कोटला “ला”, “चा”, “ने” कसे लावायचे? “चेहरा”ला लिहू की “चेहऱ्या”ला?

दोन्ही नको. “चेहरा”ला हे मराठीत ऐकायलाच विचित्र, कारण प्रत्यय लागताना नामाचं सामान्यरूप व्हायला हवं. आणि “चेहऱ्या”ला लिहिलं तर चिन्हांच्या आत तुम्ही मूळ शब्द बदललात. व्याकरण सांभाळलं तर कोट मोडतो आणि कोट सांभाळला तर व्याकरण, असा पेच आहे.

सुटका अशी की प्रत्यय कोटला लावायचाच नाही. कोटच्या मागे एक नाम उभं करायचं आणि प्रत्यय त्या नामाने घ्यायचा. “चेहरा” या शब्दाला इथे वजन आहे. “नटूनथटून” या शब्दातल्या थट्टेकडे लक्ष द्यायला हवं. “आता तसं वाटत नाही” या वाक्याने लेखाचा सूर बदलतो.

हे मागचं नाम फक्त व्याकरणाची सोय नाही. निबंधातलं तुमचं मत सगळ्यात जास्त तिथेच दिसतं. एकच कोट घ्या, “पत्रातही माणूस नटूनथटून बसतो”, आणि मागचं नाम बदलत जा. “हे निरीक्षण” म्हटलं तर लेखक शांतपणे बघतोय. “हा टोमणा” म्हटलं की तो कोणालातरी चिमटा काढतोय. “ही तक्रार” म्हटलं तर तो दुखावलेला आहे. “ही कबुली” म्हटलं तर नटणाऱ्यांत तो स्वतःही आला. वर “असं म्हणतात” एवढंच लिहिलं असतं तर यातलं काहीच सांगून झालं नसतं, आणि मग तेच सांगायला पुढे अजून एक आख्खं वाक्य लिहावं लागलं असतं. तपासताना मी आधी ही नामंच बघतो. प्रत्येक कोटमागे “हे विधान” आणि “हे विधान” असेल तर लिहिणाऱ्याने कोट वाचलाय पण त्याचा विचार केलेला नाही असं समजावं.

आणि एकदा नाम आलं की पुढचं सगळं त्याच्या लिंगवचनाने चालतं, कोटमधल्या शब्दांच्या नाही. कोटमधे “माणूस” पुल्लिंगी आहे म्हणून “हा तक्रार” होणार नाही. वाक्य लांब असलं की ही चूक हमखास होते: “पत्रातही माणूस नटूनथटून बसतो” ही तक्रार लेखकाने आधी कुठेच केलेला नाही. “केलेली नाही” हवं. नाम शोधा, क्रियापद शोधा, दोघं जुळतात का बघा, मधला कोट विसरून जा.

पुस्तकांची, मासिकांची नावं याला अपवाद आहेत. तिथे चिन्ह बंद करून प्रत्यय जागा न सोडता लावायची पद्धत रूढ आहे आणि ती कोणाला खटकत नाही.

“लेखकाने म्हणाले” बरोबर आहे ना? सगळीकडे दिसतं.

सगळीकडे दिसतं, तरी चूक. “म्हणाले” घेतलं तर कर्त्याला “ने” लागत नाही: लेखक म्हणाले. “म्हटलं” घेतलं तर लागतो: लेखकाने असं म्हटलं आहे. “लिहिलं”, “सांगितलं”, “विचारलं” यांनाही “ने” लागतो. वर्तमानकाळात कटकट नाही, लेखक म्हणतात, लिहितात, विचारतात. आदरार्थी बहुवचन घेतलंत तर ते शेवटपर्यंत घ्या, एका ओळीत “लेखक म्हणतात” आणि पुढच्या ओळीत “तो चिडतो” हे फार वेळा होतं. कथेतला निवेदक किंवा पात्र असेल तर “तो” ठीकच आहे; लेखक वेगळा, निवेदक वेगळा, आणि क्रियापदावरून तो फरक वाचकाला कळतो हे बरंच आहे.

काळ कुठला ठेवू? माझं वाक्य भूतकाळात आणि कोट वर्तमानकाळात, असं चालतं?

चालतं, आणि कोटचा काळ बदलायचा नाही म्हणजे नाहीच. मराठीत दुसऱ्याचं बोलणं सांगताना काळ मागे ढकलायची गरजच नसते. ती म्हणाली, “मी येते.” हेच सांगायचं तर ती म्हणाली की ती येते, किंवा ती म्हणाली की मी येते. शाळेत इंग्रजीचे कथनबदलाचे नियम घोकलेले असतात त्यामुळे काही जण इथेही “ती म्हणाली की ती येत होती” करतात, आणि मग अर्थच बदलतो, म्हणजे ती त्यावेळी वाटेत होती असं होतं.

बाहेरच्या वाक्याचा काळ हा वेगळा निर्णय. पुस्तकात, लेखात जे लिहिलंय त्याबद्दल बोलताना वर्तमानकाळ बरा, कारण मजकूर आजही तिथे तेच सांगतोय: लेखक विचारतात, कवी म्हणतो. कोणी एखाद्या सभेत बोललं, मुलाखतीत सांगितलं, तर ती घडून गेलेली गोष्ट, तिथे भूतकाळ. अडचण येते ती उताऱ्यातच दोन काळ असतात तेव्हा. आपल्या उताऱ्यात “तेव्हा वाटायचं” आहे आणि “आता वाटत नाही” पण आहे. तिथे बाहेर वर्तमानकाळ धरला तरी “तेव्हा”ची गोष्ट भूतकाळात सांगावी लागते: पत्र म्हणजे “माणसाचा खरा चेहरा” असं लेखकांना एके काळी वाटायचं, “तसं वाटत नाही” असं ते आता म्हणतात. हा काळ बदलणं चूक नाही, उलट बदलला नाहीत तर लेखकाची जुनी आणि नवी मतं एकाच पातळीवर येतील.

फुलस्टॉप चिन्हाच्या आत की बाहेर?

कोट पूर्ण वाक्य आहे, तुमच्या वाक्याच्या शेवटी आहे आणि आधी कॉमा आहे, तर आत, आणि बाहेर दुसरा द्यायचा नाही:

लेखक म्हणतात, “पत्रातही माणूस नटूनथटून बसतो.”

कोट तुकडा आहे तर बाहेर, कारण संपतंय ते तुमचं वाक्य:

पत्र म्हणजे लेखकांच्या लेखी एके काळी होता “माणसाचा खरा चेहरा”.

कोटनंतर “असं” येणार असेल तर आत फुलस्टॉप अजिबात नको, मुळात असला तरी. “नटूनथटून बसतो.” असं ते म्हणतात, यात वाक्य मधेच थांबून परत सुरू होतं. त्या जागी आत कॉमा देण्याची पद्धत कथाकादंबऱ्यांत आहे, “बसतो,” असं. निबंधात काहीच न देणं जास्त नेटकं दिसतं. पानाचा आकडा कंसात देणार असाल तर चिन्ह बंद करा, मग कंस, मग फुलस्टॉप: “नटूनथटून बसतो” (पृ. 42). तुमच्या विभागाचा स्वतःचा ठरलेला साचा असेल तर अर्थात तो आधी.

आणि प्रश्नचिन्ह?

प्रश्न लेखकाचा असेल तर आतच, आणि नंतर “असं” किंवा “हा प्रश्न” आलं तरी ते काढायचं नाही: “मग खरं कुठे बोलतो तो?” हा प्रश्न ते मोकळा सोडतात. वाक्य तिथेच संपत असेल तर प्रश्नचिन्हानंतर परत फुलस्टॉप नको. प्रश्न तुमचा असेल तर बाहेर: माणूस “नटूनथटून” बसतो हे लेखकांना खरंच पटलंय का? उद्गारचिन्हाचं पण हेच. स्वतःला आश्चर्य वाटलं म्हणून लेखकाच्या वाक्यात उद्गारचिन्ह घुसवू नका.

एकेरी चिन्हं की दुहेरी?

शाळेत शिकवतात तेच पुरेसं आहे: कोणाचे शब्द जसेच्या तसे घेतले तर दुहेरी, एखाद्या शब्दावर बोट ठेवायचंय किंवा नाव, शीर्षक द्यायचंय तर एकेरी. कोटच्या आत कोट आला तर बाहेर दुहेरी, आत एकेरी. आणि शब्दाला उगाच तोरा आणायला चिन्हं देऊ नयेत, कोट भरपूर असलेल्या निबंधात तर नाहीच, कारण वाचक प्रत्येक वेळी शोधतो की हे कोण म्हणालं.

मधले काही शब्द गाळले तर चालतं का? तीन टिंबं दिली की झालं?

टिंबं देणं सोपं आहे, काय गाळलं ते बघणं महत्त्वाचं. मराठीत धोका वाक्याच्या शेवटी असतो. “नाही”, “नव्हतं”, “असं वाटायचं”, “असं लोक म्हणतात”, हे सगळं आपण शेवटी टाकतो, म्हणजे वाक्याचा अर्थ उलटवणारे शब्द नेमके तिथे असतात जिथे कात्री चालवायचा मोह होतो. आपल्या उताऱ्यातून कोणी एवढंच उचललं:

लेखक म्हणतात, “पत्र म्हणजे माणसाचा खरा चेहरा.”

शब्द सगळे लेखकाचे आहेत. तरी हे चुकीचं आहे, कारण पुढे “असं मला तेव्हा वाटायचं” आहे आणि त्याच्या पुढे “आता तसं वाटत नाही”. लेखकाने जे सोडून दिलं तेच त्याच्या तोंडी घातलं गेलं. आणि इथे तर टिंबंसुद्धा नाहीत, कॉमाच्या जागी फुलस्टॉप आलाय, म्हणजे वाक्य तिथेच संपत होतं असा भास होतो. म्हणून कोट कापल्यावर एकदा मुळात जा आणि त्या वाक्याचं शेवटचं क्रियापद आणि त्याच्या पुढचं एक वाक्य वाचा.

सुरुवातीचे शब्द गाळले असतील आणि तुकडा तुमच्या वाक्यात बसला असेल तर टिंबं द्यायची गरज नसते, तुकडा आहे हे दिसतंच. मधले गाळले तर तीन टिंबं द्या. सहासात टिंबांची रांग नको.

कोटमधे “असं, केलं, कुठे” अशी बोलीतली रूपं आहेत आणि माझा निबंध “असे, केले” मधे. जुळवून घेऊ का?

नाही. आतलं आत, बाहेरचं बाहेर. निबंध प्रमाण लेखनात असला तरी कोटमधलं “वाटायचं” तसंच राहतं, तिथे “वाटायचे” करणं म्हणजे लेखकाच्या बोलण्याला इस्त्री करणं.

जुन्या लेखनाचा प्रश्न थोडा वेगळा. “नाहीं”, “कांहीं”, “त्यांत” अशा अनुस्वारांचा मजकूर कसा घ्यायचा, याला मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांतच उत्तर आहे. 1962 सालच्या नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार गेले, पण जुन्या उताऱ्यांसाठी रेघही आखून दिलेली आहे: केशवसुतांच्या आधीचं पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीचं गद्य छापताना मुळाप्रमाणे ठेवायचं, त्यांच्यापासून पुढचं नव्या नियमांप्रमाणे. म्हणजे त्यानंतरच्या मजकुरातला जुना अनुस्वार काढला तर तो कोट बिघडवणं ठरत नाही. तरी भाषेवरच निबंध असेल तर मूळ लेखन ठेवा, तिथे तोच मुद्दा असतो. शब्द मात्र कुठल्याच काळातल्या मजकुरातला बदलायचा नाही.

कवितेच्या ओळी?

एकदोन ओळी असतील तर वाक्यातच, ओळ जिथे तुटते तिथे तिरकी रेघ आणि दोन्ही बाजूंना जागा. जुन्या पद्यात दंड असेल तर तो ठेवा आणि त्याच्यामागे फुलस्टॉप देऊ नका. त्याहून जास्त ओळी असतील तर खाली वेगळ्या, जशा आहेत तशा.

उतारा लांब आहे, चारपाच ओळींचा. तोही वाक्यातच घालू?

नको, वाचणाऱ्याचा दम जाईल. अपूर्णविराम देऊन नव्या ओळीवर, थोडा आत सरकवून लिहा, मग अवतरणचिन्हं लागत नाहीत. पण आधीचं वाक्य त्याला बांधणारं हवं आणि उताऱ्यानंतरही त्याच्यावर बोलायला हवं. नाहीतर एवढी जागा अडवून तो नुसता पाहुणा.

एक पॅराग्राफ आधीचा आणि नंतरचा असा करून दाखवाल का?

आधीचा, जसा सहसा येतो:

लेखकाचे पत्रांबद्दल मत बदलते. “पत्र म्हणजे माणसाचा खरा चेहरा.” नंतर लेखकाने म्हणाले की “पत्रातही माणूस नटूनथटून बसतो.” असे ते म्हणतात. [लेखक] “स्वतःवरच चिडायचो”. शेवटी “मग खरं कुठे बोलतो तो?”. यावरून हा विधान महत्त्वाचा आहे.

नंतरचा:

एके काळी लेखकांना पत्रात “माणसाचा खरा चेहरा” दिसत असे. पोस्टमन आला नाही की ते दुसऱ्या कोणावर नव्हे, “स्वतःवरच” चिडत. “आता तसं वाटत नाही” या चार शब्दांत ते हा विश्वास मोडीत काढतात आणि लगेच त्याचे कारण देतात, “पत्रातही माणूस नटूनथटून बसतो.” आधी चेहरा आणि मग त्यावर चढवलेला साज, अशा या दोन प्रतिमा एकमेकींना खोडतात. म्हणूनच “मग खरं कुठे बोलतो तो?” हा प्रश्न पत्रापुरता राहत नाही.

काय काय बदललं बघा. पहिला कोट पूर्ण वाक्यासारखा उभा होता आणि खोटा पडत होता, त्याचा तुकडा केला आणि “एके काळी”, “दिसत असे” यांनी त्याला त्याच्या काळात नेऊन बसवलं. “चिडायचो” कोटमधून बाहेर काढून “चिडत” केलं, म्हणजे कंसाची गरजच गेली. “आता तसं वाटत नाही” हे वाक्य आधीच्या पॅराग्राफमधे नव्हतंच, आणि खरं तर सगळा मुद्दा त्याच्यावर उभा आहे. त्याला प्रत्यय लागणार होता म्हणून मागे “या चार शब्दांत” आलं. “की” आणि “असे” ही दुहेरी गाठ गेली, एक कॉमा राहिला, फुलस्टॉप आत गेला. प्रश्नचिन्ह आत ठेवून पुढे “हा प्रश्न” जोडला, आणि “विधान” नपुंसकलिंगी आहे हा वाद त्या शब्दाबरोबरच मिटला. प्रमाण लेखनातल्या वाक्यांत “तसं” आणि “खरं” तसेच राहिलेत, ते दिसायला जरा वेगळे दिसतात, दिसू देत.

फोनवर टाइप करताना चिन्हं उलटी पडतात. काय करू?

कीबोर्ड आधी काय आहे ते बघून दिशा ठरवतो, त्यामुळे डॅशनंतर लगेच चिन्ह दिलं की तो कधी कधी उघडायच्या जागी बंदचं टाकतो. एकतर दुहेरी चिन्हाची की दाबून धरा, बहुतेक कीबोर्डवर “ आणि ” वेगवेगळी मिळतात, नाहीतर सगळीकडे सरळ " हेच ठेवा. सरळ आणि वळणदार यांची खिचडी नको. आणि दुसरीकडून कॉपी करून पेस्ट केलेला कोट नेहमी वेगळी चिन्हं घेऊन येतो, तेव्हा शेवटी एकदा शोधा-बदला वापरून सगळी एकसारखी करा. बदलताना बंद चिन्ह आणि त्याला चिकटलेला प्रत्यय यांच्यात जागा तर आली नाही ना, तेवढं बघा.